माइक कोणता, ते नंतर बघू

"मॅडम, गणिताच्या तासाचे व्हिडिओ तुम्ही फोनवरच रेकॉर्ड करता ना? मग तुमचा आवाज इतका स्पष्ट कसा येतो? आमचा तर विहिरीतून बोलल्यासारखा येतो. माइक कोणता घेऊ?"

आधी फोन कुठे ठेवताय ते सांगा. बहुतेक जण फळा पूर्ण दिसावा म्हणून फोन सहा फुटांवर स्टँडला लावतात आणि आवाजही त्याच फोनवर घेतात. सगळा घोळ तिथेच आहे. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की तोंडातून थेट येणारा आवाज सुमारे सहा डेसिबलनी वाढतो. सहा फुटांवरून तीन, तीनवरून दीड, दीडवरून नऊ इंच, म्हणजे तीनदा निम्मं. हिशेबाने अठरा डेसिबल झाले. भिंतींवरून, फरशीवरून परतणारा घुमारा मात्र जवळ गेल्याने वाढत नाही, खोलीभर साधारण सारखाच असतो. म्हणून जवळून घेतलेल्या आवाजात तुम्ही जास्त आणि खोली कमी ऐकू येते. व्हॉल्यूम नंतर कितीही वाढवा, हे प्रमाण तसंच राहतं, कारण तुमच्याबरोबर घुमाराही वाढतो.

गणितात याचा फटका लगेच दिसतो. 'सात', 'साठ' आणि 'आठ' यांचा 'आ' जोरकस असतो, तो कुठेही ऐकू येतो. फरक असतो तो स, त आणि ठ यांच्यात, आणि ते हलके, क्षणभराचे. मागच्या स्वराचा घुमारा त्यांच्यावर चढतो आणि वहीत साताचे साठ होतात. त्यातून आपण फळ्याकडे तोंड करून बोलतो, तेव्हा हीच व्यंजनं आधी गळतात. म्हणून मी लिहून घेते, वळते आणि मग बोलते.

माझी मांडणी साधी आहे. एक फोन स्टँडवर, फक्त चित्रासाठी. दुसरा, घरातला जुना, कमरेच्या पाऊचमध्ये, व्हॉइस रेकॉर्डर चालू ठेवून. त्याला फोनबरोबर मिळालेले वायरवाले इअरफोन लावलेले. त्या वायरवर बटणाचं बोंड असतं ना, त्यातच माइक असतो. ते हनुवटीखाली एक वीत अंतरावर, छिद्र बाहेरच्या बाजूला ठेवून, ओढणीला पिनने अडकवायचं आणि खालची वायर चिकटपट्टीने कपड्याला धरून ठेवायची. मंगळसूत्र किंवा साखळी बोंडाला घासली तर दर हालचालीला खरखर येते. ती दुसऱ्या बाजूला सरकवा किंवा तेवढ्यापुरती काढून ठेवा. माइक नेमका तोंडासमोर आणू नका. प, फ, भ म्हणताना निघणारी हवा त्यावर आदळते आणि धप्प असा आवाज येतो.

दोन्ही फोन फ्लाइट मोडवर टाकायचे, रेकॉर्डिंग चालू करायचं आणि कॅमेऱ्यासमोर एक खणखणीत टाळी द्यायची. एडिटिंग अ‍ॅपमध्ये दोन्ही आवाजांच्या रेषांवर टाळीचा उभा सुळका दिसतो. ते सुळके जुळवले की ओठ आणि आवाज जुळतात. मग स्टँडवरच्या फोनचा आवाज बंद करून टाका. तासाभराचं सलग रेकॉर्डिंग मात्र करू नका. दोन फोनांची घड्याळं किंचित वेगळ्या वेगाने चालतात, त्यामुळे शेवटी शेवटी आवाज ओठांच्या मागेपुढे होतो. एक उदाहरण, एक फाइल, हे बरं.

लहान तुकड्यांचा दुसरा फायदा पंख्याचा. पंखा बंदच हवा, आणि मे महिन्यात तो किती वेळ बंद ठेवणार? आपण बोलायचं थांबलो की बरेच फोन आपोआप आवाजाची पातळी वाढवतात आणि मागची घरघर पुढे येते. आवाज साफ करणारी अ‍ॅपं ती काढतात, पण त्यासोबत स आणि श सुद्धा खरवडून नेतात. मला तो सौदा मान्य नाही. घाम पुसून पुढचं उदाहरण घ्यायचं.

खोली घुमते का, हे टाळी वाजवूनच कळतं. टाळीनंतर झणझण रेंगाळली तर जागा बदला, किंवा तुमच्यासमोर, कॅमेऱ्याच्या मागे, दोरीवर दोन गोधड्या टाका. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायचा सल्ला सगळीकडे मिळतो. पातळ पुठ्ठा बोलण्याचा आवाज फारसा शोषत नाही, उगाच झुरळं मात्र येतात.

सुरुवातीला "सात, साठ, आठ" एवढंच रेकॉर्ड करा आणि दोनदा ऐका. एकदा इअरफोनवर, घासणं आणि घरघर पकडायला. एकदा घरातल्या सगळ्यात स्वस्त फोनच्या स्पीकरवर, कारण मुलं बहुधा त्याच्यावरच ऐकतात. ऐकणाऱ्याने आकडे न विचारता बरोबर लिहिले तर माइकवर पैसे घालू नका. पत्र्यावर पाऊस पडत असेल तर मात्र वरचं काहीच चालत नाही. त्या दिवशी मी वह्या तपासते.