लांबी कुणाची?

वेग, वेळ, अंतर या प्रकरणावरची चाचणी तपासत होते. दोन गणितं शेजारी शेजारी होती. पहिलं विमानतळावर असतो तशा सरकत्या पट्ट्याचं: पट्टा ६० मीटर लांब, त्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर, माणसाची चाल दीड मीटर. वेगांची बेरीज २, म्हणून ३० सेकंद. एका मुलीने ते अचूक सोडवलं होतं.

दुसरं रेल्वेचं. २४० मीटर लांबीची गाडी ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटरने धावतेय. माणूस सेकंदाला दीड मीटर चालत शेवटच्या डब्यातून पुढच्या टोकाला जातो. किती वेळ लागेल? तिने इथेही बेरीज केली, २१.५ ने भागलं आणि लिहिलं ११.२ सेकंद. शंभर मीटरच्या विश्वविक्रमाला ९.५८ सेकंद लागलेत, आणि हा माणूस डब्यांमधून चालत २४० मीटर ११ सेकंदांत जाणार! उत्तराकडे असं एकदा बघायला आपण मुलांना शिकवतच नाही.

तिला बोलावलं. ती म्हणाली, "मॅडम, दिशा एकच असेल तर वेगांची बेरीज करायची ना?" नियम तिने बरोबर सांगितला. पण बेरजेचा वेग जमिनीच्या हिशेबाने आहे आणि २४० मीटर गाडीच्या हिशेबाने. या दोघांचा भागाकार लागत नाही. पट्ट्याची दोन्ही टोकं जमिनीला पक्की असतात, म्हणून तिथे बेरीज चालते. गाडीचं पुढचं टोक मात्र माणसाच्या पुढे पळत असतं. म्हणून २४० भागिले १.५, म्हणजे १६० सेकंद. गाडीचा वेग यात येतच नाही.

तिला पटेना. मग जमिनीवरून मोजायला सांगितलं. १६० सेकंदांत गाडी ३२०० मीटर सरकली, माणूस तिच्यात २४० मीटर पुढे गेला, एकूण ३४४०. तिने लगेच २१.५ गुणिले १६० करून पाहिलं, तेही ३४४०. बेरजेचा वेग इथे कामाला येतो, जमिनीवरचं अंतर काढायला.

मग तिनेच विचारलं, "परत मागे चालत आला तर?" गाडीत पुन्हा १६० सेकंदच. पट्ट्यावर उलटं चालताना मात्र वेग १ उरतो, ६० सेकंद लागतात. जाऊन येऊन ९०. बाजूच्या स्थिर फरशीवर हेच ८० सेकंदांत झालं असतं. जाताना वाचलेला वेळ येताना फिटतो हा समज मोठ्यांचाही असतो, पण उलट चालीत माणूस पट्ट्यावर जास्त वेळ असतो, म्हणून तोटा जास्त.

माझे सहकारी म्हणतात, सूत्र चौकटीत लिहून द्या, पाठ होईल. मला हे मान्य नाही. तिला सूत्र पाठच होतं. गाइडमधल्या चौकटीत 'लांबी कशाला जोडलेली आहे' ही ओळच नसते. पायऱ्यांचे गुण द्यावेत का, यावर आमचं अजून एकमत नाही. मी दिले नाहीत, कारण चूक पहिल्याच पायरीवर होती.