जानेवारी २००४ मधल्या मला

“काका, आमच्या वयाला परत जाता आलं, तर पैशाची कुठली सवय आधी लावून घ्याल?”

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, पण तुम्हाला नाही, त्यालाच लिहितो. चाळिशीला टेकलेला, जुनी कंपनी डिसेंबरात सोडून नव्या कंपनीत रुजू झालेला, समोर दोन फॉर्म घेऊन बसलेला तो. तुम्ही शेजारी बसून वाचा.

तर बाबा, तुझ्यासमोर फॉर्म १९ आणि फॉर्म १०सी आहेत. पहिल्याने पीएफ निघतो, दुसऱ्याने पेन्शनचा हिस्सा. तिसरा फॉर्म १३ असतो, खातं नव्या कंपनीत बदली करण्याचा. तो तुला कुणी दिला नाही आणि तू मागितलाही नाहीस. माझं पहिलं मागणं हेच, की नोकरी बदलली की पीएफ काढायचा नाही, बदली करायचा. पुढचं सगळं यानंतर येतं.

तुझी आठ वर्षं झाली आहेत, जानेवारी १९९६ ते डिसेंबर २००३. खात्यात १ लाख १० हजारांच्या आसपास रक्कम आहे. पाच वर्षांच्या वर सेवा असल्याने त्यावर कर लागणार नाही, हे तुला अकाउंट्समधल्या माणसाने बरोबर सांगितलं. पुढचं त्याने सांगितलं नाही. हीच रक्कम खात्यात राहिली असती, तर जाहीर झालेल्या व्याजदरांनी (बहुतेक वर्षं साडेआठच्या आसपास, दोन वर्षं साडेनऊ) निवृत्तीच्या दिवशी, म्हणजे डिसेंबर २०२१ ला, ४ लाख ९० हजारांच्या आसपास गेली असती. तुला एक रुपयाही नव्याने घालायचा नव्हता.

तू म्हणशील, “मला फ्लॅटसाठी हवे होते. स्वतःचा हिस्सा भरल्याशिवाय कर्ज मिळत नव्हतं.” मान्य आहे. त्या फ्लॅटमध्ये बसूनच मी हे लिहितोय. इतकी वर्षं हेच उत्तर मी सगळ्यांना देत आलो आणि स्वतःलाही. पण ते उत्तर अपुरं आहे. पीएफच्या तेव्हाच्या नियमांत पाच वर्षं सभासद असलेल्याला घरासाठी आगाऊ रक्कम मिळायची, फॉर्म ३१ भरून, आणि ती परत करावी लागत नसे. घर स्वतःच्या, बायकोच्या किंवा दोघांच्या नावावर हवं, आणि रक्कम छत्तीस महिन्यांच्या पगारापर्यंत, पण खात्यातल्या शिलकीच्या आत. तुझा बेसिक आणि डीए मिळून साडेसात हजार, म्हणजे मर्यादा २ लाख ७० हजारांची. खात्यात होते त्याहून कितीतरी जास्त. नोकरीत असतानाच, करारनामा जोडून, तू जवळजवळ सगळी रक्कम काढू शकला असतास. फ्लॅटही झाला असता आणि पेन्शनची आठ वर्षंही शाबूत राहिली असती.

इथे तुला ते पेन्शन नीट समजावून सांगतो, कारण तुला ते माहीतच नाही. कंपनी तुझ्या नावाने जे बारा टक्के भरते, ते सगळे पीएफमध्ये जात नाहीत. त्यातले ८.३३ टक्के, तेही ठरलेल्या पगारमर्यादेपर्यंतच, १९९५ च्या पेन्शन योजनेत जातात. मर्यादा आधी ५,००० होती, जून २००१ पासून ६,५०० झाली, सप्टेंबर २०१४ पासून १५,००० आहे. या पैशांवर तुझ्या नावाने व्याज साठत नाही. साठतात ती वर्षं. पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०, इतकं साधं सूत्र आहे. दहा वर्षं झाली तर पेन्शन. साडेनऊ झाली तरी चालतात, कारण सहा महिने किंवा त्यावरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. वीस वर्षं भरून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालास, तर वर दोन वर्षं बक्षीस मिळतात.

आता तुझी वर्षं मोज. नव्या कंपनीत पुढे अठरा वर्षं होणार आहेत. १०सी भरून पैसे घेतलेस की आधीची आठ पुसली जातात, उरतात अठरा. वीसची रेषा हुकते आणि बक्षिसाची दोनही जातात. हिशेबात अठ्ठावीस धरता आली असती, तिथे अठरा धरली गेली. ऑगस्ट २०१४ पर्यंतची सेवा ६,५०० वर आणि पुढची १५,००० वर मोजतात, म्हणून मला महिन्याला अडीच हजारांच्या थोडं वर पेन्शन बसलं. त्या आठ वर्षांचे साधारण ७४० आणि बक्षिसाचे कमीत कमी १८५ धरले, तर महिन्याला निदान नऊशे रुपये गेले. माझ्यामागे बायकोला यातलं निम्मं मिळेल, म्हणजे तिचेही गेले.

बदली करायची नव्हती, तरी त्याच १०सी फॉर्मवर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येतं. सेवेची वर्षं त्यावर लिहून मिळतात आणि पुढच्या नोकरीत जोडता येतात. फॉर्म तोच, खूण करायची जागा वेगळी. तू ती ओळ वाचलीसुद्धा नाहीस.

आणि त्या कागदावर तू काय सही केलीस ते तुला ठाऊक आहे. दोन महिने कुठे नोकरीला नसलेल्यानेच पीएफ काढायचा, असा तेव्हाचा नियम. तू जानेवारीतच हजेरी लावली होतीस. सगळे तसंच करत होते, कुणी विचारत नव्हतं, हे खरं. पण गैरसमजातून झालं असं मला कुणापुढे म्हणता येत नाही. निदान एवढं तरी तुला कळत होतं.

आता तुझ्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण हा हिशेब मी अनेकदा करून पाहिला आहे. १०सी वर तुला पन्नास हजारांच्या वर रक्कम मिळाली. ती सगळी त्याच महिन्यात पीपीएफमध्ये टाकून विसरून गेला असतास, तर डिसेंबर २०२१ पर्यंत तिचे दोन लाखांच्या आसपास झाले असते. ते तेव्हाच्या ७.४ टक्क्यांनी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले असते, तर महिन्याला बाराशेच्या वर व्याज आलं असतं, आणि मुद्दल माझंच राहिलं असतं. पेन्शनमध्ये मुद्दल परत येत नाही आणि महागाईप्रमाणे ते वाढतही नाही. म्हणजे पैसे काढणं हीच चूक होती का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ते पन्नास हजार फर्निचरमध्ये आणि ग्रिलमध्ये गेले. शिवाय नवी नोकरी दहा वर्षांच्या आत सुटली असती तर हाती काहीच पेन्शन नव्हतं. अठरा वर्षं टिकणार हे तेव्हा तुला कुठे माहीत होतं?

दुसरी सवय मार्चची मोडायची. पीपीएफमध्ये तू वर्षाला २४,००० भरतोस, पण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, कर वाचवायला. त्या वर्षाचं व्याज मग शून्य. पीपीएफचं व्याज दर महिन्याच्या पाच तारखेपासून महिनाअखेरीपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर धरतात. एकदम भरायला जमत नसेल, तर दर महिन्याला दोन हजार, पाच तारखेच्या आत. आठ टक्क्यांनी पहिल्याच वर्षी १,०४० रुपये जास्त मिळतात, आणि पंधरा वर्षांत हा फरक वाढत २८ हजारांच्या आसपास जातो. चेकने भरत असशील तर वटल्याचा दिवस धरतात, म्हणून तो एक तारखेला टाकायचा. पगार सातला होत असेल, तर पैसे बचत खात्यात वेगळे ठेवून पुढच्या पाचच्या आत भर. सातला भरलेस काय आणि पुढच्या पाचला भरलेस काय, व्याज सारखंच. त्यामुळे “पगार उशिरा होतो” हे कारण मला सांगू नकोस.

तिसरं थोडक्यात. कंपनीचा आरोग्य विमा निवृत्तीच्या दिवशी संपतो. तोवर रक्तदाब आलेला असतो, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला काही वर्षं थांबावं लागतं. मी घेतली तेव्हा चार वर्षांपर्यंत थांबवू शकत होते. चाळिशीत दोन लाखांची का होईना, स्वतःची पॉलिसी चालू ठेवली असतीस, तर ही प्रतीक्षा नोकरीतच संपली असती. तू म्हणायचास, “कंपनीचा आहे की.” मीही तेच म्हणत आलो, सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत.

आता शेजारी वाचत बसलेल्यांनो, तुमच्यासाठी. तुमचं काम सोपं झालंय, पण दर वेळी आपोआप होतंच असं नाही. नोकरी बदलली की पीएफच्या यूएएन पोर्टलवर View मध्ये Service History उघडा. जुन्या कंपनीसमोर नोकरी सोडल्याची तारीख नसेल तर बदली अडते. कंपनी भरत नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी Manage मधल्या Mark Exit मधून ती स्वतः भरता येते. मग Online Services मधून One Member – One EPF Account. नाव, जन्मतारीख, लिंग आधारशी जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. पीएफच्या नोंदीत “ज्ञानेश्वर” एका स्पेलिंगने आणि आधारवर दुसऱ्याने, एवढ्यावर अर्ज परत येतो.

बदली झाल्यावर नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसलं तर घाबरू नका. पेन्शनचे पैसे हलत नाहीत, वर्षं हलतात. ती अॅनेक्श्चर के नावाच्या कागदावर असतात. तो कागद मागून घ्या, आणि जुनी सेवा त्यावर खरंच आली आहे का, ते रुजू झाल्याच्या आणि सोडल्याच्या तारखा लावून तपासा. चूक असेल तर जुनी कंपनी चालू असताना दुरुस्त होते. ती बंद पडल्यावर सही कुणाची आणायची?

माझी जुनी कंपनी बंद पडून बरीच वर्षं झाली. फॉर्म १९ ची झेरॉक्स मात्र अजून माझ्या फाइलमध्ये आहे.