गुडघ्याचा झटका आणि अर्धवट मिटलेली पापणी

बुधवार, रात्री उशिरा

आज लंबू पहिल्यांदा चालला. लंबू म्हणजे ब्लेंडर या थ्रीडी अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधलं माझं पात्र, उंच आणि काटकुळं. चालला खरा, पण दर पावलाला त्याचा गुडघा मागून कुणीतरी टपली मारल्यासारखा उडत होता. पाऊल टेकतानाची पोझ बरोबर, पाय ओलांडतानाची पोझही बरोबर; गडबड त्या दोहोंच्या मध्येच कुठेतरी.

आधी संशय पोल टार्गेटवर गेला. गुडघ्याची दिशा तोच ठरवतो, त्यामुळे सगळे पहिला आळ त्याच्यावरच घेतात. एक तास त्यात घालवला. पण पोल चुकला असता तर गुडघा बाजूला वळला असता. इथे तो समोरच होता, फक्त एकदम ताठ होऊन पुन्हा एकदम मोडत होता.

मग वही काढली. मांडी ४२ सेंमी, नडगी ४२, म्हणजे ताठ पाय ८४. पाऊल टेकतानाच्या पोझमध्ये कंबर घोट्यापेक्षा ८० सेंमी वर आणि पाऊल ३० सेंमी पुढे ठेवलेलं. ८० आणि ३० या बाजूंचा कर्ण सुमारे ८५ येतो. मी त्याच्याकडे नसलेला एक सेंटीमीटर मागत होतो! पाऊल जिथे ठेवू तिथे पाय आपोआप वाकवून पोचवणारा आयके बिचारा पाय ताणून ताठ करतो आणि तिथेच थांबतो. फूट कंट्रोल घोट्यापासून किंचित सुटलेला दिसला तेव्हाच हे कळायला हवं होतं.

झटक्याचं कारण मात्र हिशेब पुढे नेल्यावर उमगलं. कंबर ते घोटा अंतर ८४ असताना गुडघ्याचा कोन १८० अंश. ८३ केलं की तो १६२ वर येतो, आणि ८२ केलं की १५५ वर. म्हणजे पहिल्या एका सेंटीमीटरला गुडघा १८ अंश मोडतो आणि पुढच्या सेंटीमीटरला जेमतेम ७. पाय पूर्ण ताठ होण्याच्या आसपास कंट्रोल कितीही हळू सरकवला तरी गुडघा उडणारच. तिथे कीफ्रेम वाढवून काही होत नाही (वाढवून पाहिल्या, उगाच).

उपाय कंबरेत निघाला. पाऊल ३० ऐवजी २५ सेंमी पुढे टाकलं आणि टेकतानाची कंबर ७८ वर आणली. अंतर झालं ८२, गुडघा १५४ अंशांच्या आसपास. बघणाऱ्याला पाय सरळच वाटतो आणि झटका गेला. पाठीमागे राहणाऱ्या पायालाही तोच नियम, म्हणून तिथे टाच आधी उचलली. उजवं पाऊल डाव्याची उलटी प्रत म्हणून चिकटवलं. हाडांच्या नावांना `.L` आणि `.R` लावायची शिस्त इथे कामी आली.

गुरुवार

चेहरा. हसू अर्ध्या तासात झालं, भुवयाही. डोळा मिटणं मात्र संध्याकाळपर्यंत पुरलं. शेप की म्हणजे चेहऱ्याचा साठवून ठेवलेला आकार, ० ते १ असा कमीजास्त लावता येणारा. ती ० वर असताना डोळा छान उघडा, १ वर छान बंद, आणि ०.५ वर बुबुळ पापणी फाडून बाहेर!

कालचंच भूत, वेगळ्या वेशात. शेप की प्रत्येक बिंदू सरळ रेषेत नेते, पापणीला मात्र गोलावरून घसरायचं असतं. बुबुळाची त्रिज्या २० मिमी, पापणी २१ मिमीवर, मिटताना ती साधारण ६० अंशांचा कंस कापते. सरळ रेषेने गेली तर मधोमध ती केंद्रापासून १८ मिमीवर येते. म्हणजे बुबुळाच्या २ मिमी आत.

म्हणून अर्ध्या मिटलेल्या डोळ्यासाठी वेगळी शेप की केली. मिटण्याची की ०.५ वर ठेवून नव्या कीमध्ये फक्त पापणी बाहेर ओढली. ही मदतनीस की मध्यावर पूर्ण लागावी आणि दोन्ही टोकांना शून्य व्हावी, म्हणून तिच्या व्हॅल्यूवर ड्रायव्हर, म्हणजे किंमत आपोआप काढणारं सूत्र, बसवला. त्यात `v` म्हणजे मिटण्याच्या कीची किंमत:

```
1 - abs(2*v - 1)
```

पापणीला डोळ्याच्या केंद्रातून फिरणारं हाड दिलं असतं तर ही भानगडच उरली नसती, कारण हाड फिरतं ते कंसातच. पण मग पापणीचा कोणता भाग हाडाबरोबर किती हलेल हे रंगवून ठरवणं, म्हणजे वेट पेंटिंग आलं, आणि त्याचा मला मनापासून कंटाळा आहे.

रात्री चालता चालता हसवून आणि डोळे मिटवून पाहिलं. हसताना गालाबरोबर खालची पापणी वर येते, मिटतानाही थोडी येते. शेप की एकमेकींत मिसळत नाहीत, बेरजेने वाढतात. त्यामुळे खालची पापणी वरचीला भेदून पलीकडे गेली. दोन्ही कींचा गुणाकार घेणारा आणखी एक ड्रायव्हर लागणार. उद्या.