एक ग्रॅम प्रोटीन कितीला पडतं? रात्रीच्या जेवणाचा माझा हिशोब

आमच्या घरी चार माणसं: सासूबाई, नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि मी. लेक जिमला जायला लागली आणि "आई, आपल्या जेवणात प्रोटीनच नाही" असं रोज ऐकवायला लागली. तिच्या मते उपाय एकच, रोज पनीर. किराण्याचं बजेट माझ्या हातात असल्यामुळे मी आधी वही काढली.

अंडी, तूरडाळ, सोयाबीनच्या वड्या आणि पनीर, चारही गोष्टी एका मापात आणायच्या होत्या. कृती सोपी आहे. किलोचा भाव घ्यायचा, किलोत प्रोटीन किती ते काढायचं आणि भागायचं. आमच्याकडे तूरडाळ १४० रुपये किलो होती आणि शंभर ग्रॅम कच्च्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रोटीन असतं. म्हणजे किलोत २२०, आणि एक ग्रॅम पडला साधारण ६४ पैशांना. सोयाच्या वड्याही सुट्या १४० रुपयेच किलो, पण त्यात शंभराला ५२ ग्रॅम, म्हणून ग्रॅमला फक्त २७ पैसे. अंडं ७ रुपयांना, एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे १ रुपया १७ पैसे. पनीर ४०० रुपये किलो आणि शंभराला साधारण १८ ग्रॅम, म्हणजे २ रुपये २२ पैसे. पनीरला अंड्याची बरोबरी करायची तर ते २१० रुपये किलोने मिळायला हवं. त्या भावात कोणी पनीर विकत असेल तर मी ते घरी आणणार नाही.

हा हिशोब करताना एक पथ्य पाळावं लागतं: सगळी वजनं कच्ची आणि कोरडी धरायची. वड्या भिजल्या की अडीच-तीन पट जड होतात, डाळही शिजून पाणी पिते. वाटीभर आमटीचं वजन करून त्याला २२ टक्के लावले तर कागदावर भरपूर प्रोटीन दिसतं, पोटात मात्र त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढंच जातं. आमटी पातळ असेल तर त्याहून कमी. पाकिटावरचा तक्ताही शंभर ग्रॅमचा आहे की एका सर्व्हिंगचा, ते बघून घ्यायचं.

वहीत सोया पहिलं आलं, पण त्याने काहीच ठरेना. कारण मग मी गंमत म्हणून कणकेचाही भाव काढला. ४२ रुपये किलो, शंभर ग्रॅमला साडेदहा ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ग्रॅमला ४० पैसे. तूरडाळीपेक्षा पोळी स्वस्त! पण २० ग्रॅम प्रोटीन नुसत्या पोळीतून घ्यायचं तर माणशी सहा-सात पोळ्या लागतात. तेव्हा वहीत दुसरा रकाना आला: तेवढ्यासाठी खावं किती लागेल?

मग आधी रोजच्या ताटात मुळात काय आहे तेच मोजलं. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दिवसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं. साठ किलोच्या माणसाला सुमारे ५०. रात्रीच्या जेवणात त्यातले २० आले तरी पुष्कळ, म्हणजे चौघांचे ८०. आमचं नेहमीचं जेवण असं: आठ पोळ्यांना २४० ग्रॅम कणीक, त्यात २५ ग्रॅम. आमटीला १२० ग्रॅम तूरडाळ, त्यात २६. १२० ग्रॅम तांदळाचा भात, त्यात ९. बेरीज ६०. भाजीतलं मी सोडून दिलं.

तर कमी पडत होते ते चौघांत मिळून २० ग्रॅम. हे कळल्यावर लेकीचा "प्रोटीनच नाही" हा आरोप बराच सौम्य झाला आणि माझा प्रश्नही लहान झाला: हे २० कुठून आणायचे?

पनीरमधून आणायचे तर ११० ग्रॅम, ४४ रुपये. माणशी दोन-तीन तुकडे येतात आणि सोबत वीसेक ग्रॅम तरी फॅट. अंडी साडेतीन लागतात, व्यवहारात चार, म्हणजे २८ रुपये. पण सासूबाई अंडं खात नाहीत, आणि गुरुवारी आमच्याकडे ते कोणीच खात नाही. तूरडाळ ९० ग्रॅम वाढवली तर १३ रुपयांत काम होतं, पण १२० ची २१० ग्रॅम डाळ म्हणजे आमटीचं वरण होतं, आणि रात्री एवढी डाळ सासूबाईंना सोसत नाही. सोया ४० ग्रॅम, साडेपाच रुपये. एक मूठ.

डाळीबद्दल एक रास्त शंका असते की तिचं प्रोटीन अंड्याच्या तोडीचं नसतं. खरं आहे. डाळीत मेथिओनीन हे अमायनो आम्ल कमी पडतं, आणि गहू-तांदळात लायसिन कमी. एकत्र खाल्लं की दोघं एकमेकांची उणीव बरीचशी भरून काढतात, आणि आपण डाळ नुसती खातो कुठे? तरी मी कठोर होऊन डाळीचे ४० टक्के कापून पाहिले. तिचा भाव ग्रॅमला १ रुपया ७ पैशांवर गेला, अंड्याच्या किंचित खालीच राहिला. सोयाला अशी कापाकापी फारशी लागत नाही, त्याचं प्रोटीन दर्जात अंड्या-दुधाच्या जवळ जातं.

सोयाचा छुपा खर्च वेगळाच आहे. त्याचा स्वतंत्र रस्सा करायचा म्हटलं की कांदे, टोमॅटो, खोबरं, तेल मिळून सहज २५-३० रुपये वर बसतात आणि साडेपाच रुपयांची फुशारकी संपते. म्हणून मी त्याला वेगळी भाजी मानणंच सोडलं. वड्यांऐवजी सोयाचा चुरा आणते आणि फ्लॉवर-बटाट्यासारख्या, जी होणारच आहे त्या भाजीत घालते. फोडणी एकदाच, मसाला एकदाच.

त्यातही वास हा मोठा शत्रू. नुसत्या गरम पाण्यात भिजवून टाकला की घरात कोणी तोंड लावत नाही. मी मीठ घातलेल्या पाण्यात पाच मिनिटं उकळते, चाळणीत ओतून गार पाण्याने धुते आणि घट्ट पिळते. पिळताना पाणी फेसाळ, पिवळट निघत असेल तर अजून एक धुणं बाकी आहे. चांगलं पिळलेलं सोया मसाला ओढून घेतं, ओलं राहिलं तर भाजी पाणचट होते. सासूबाईंनी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा "फ्लॉवरचे दाणे बरे राहिलेत" म्हणाल्या. मी सुधारणा केली नाही, दुसऱ्या दिवशी मात्र सांगून टाकलं.

आता आठवड्यात तीन-चार रात्री सोयाचा चुरा, दोन रात्री अंडाकरी (त्या रात्री सासूबाईंची आमटी घट्ट), आणि पनीर रविवारी. पनीर सुटं आणलं तर एक तुकडा पाण्यात उकळून, गार करून त्यावर आयोडीनचे थेंब टाकते, निळं झालं तर त्यात स्टार्च आहे. वनस्पती तेलाची भेसळ मात्र या चाचणीत पकडता येत नाही, म्हणून हल्ली पाकीटबंदच घेते आणि त्यावर प्रोटीन १८ च्या फार खाली नाही ना ते वाचते.

भाव बदलले की वहीतले आकडे बदलतात. श्रावणात अंडी उतरतात, थंडीत चढतात, आणि तूरडाळ महागली की मी निम्मी मसूर मिसळते. मसूर सध्या ९० रुपये किलो आहे, प्रोटीन तुरीपेक्षा थोडं जास्तच, ग्रॅमला ३८ पैसे. आमटीला तुरीची चव येत नाही अशी नवऱ्याची तक्रार आहे. त्याला मी दोन आमसुलं जास्त घालते.