फळ्यावरचा शनिवार

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या ग्रामपंचायतीत मी संगणक परिचालक आहे. दाखले, सातबारा, घरपट्टीच्या पावत्या ही माझी रोजची कामं. गेल्या उन्हाळ्यापासून त्यात आणखी एक भर पडली आहे. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने जे कार्यक्रम लिहिलेले असतात, त्यांची यादी करून मी गावाच्या गुगल कॅलेंडरवर चढवते. पुण्याला, नागपूरला कामाला गेलेली मुलं ते कॅलेंडर बघतात आणि घरी फोन करून सांगतात, "आई, उद्या शिबिर आहे." आशाताई आणि बचत गटाच्या बायाही आता त्यावरच चालतात. त्यामुळे यादीत चुकीची तारीख गेली तर ती एका घरापुरती राहत नाही.

हा प्रसंग १६ ऑगस्ट २०२५ चा. शनिवार होता आणि मी घरीच होते. आशाताईंनी व्हॉट्सॲपवर फळ्याचा फोटो पाठवला. तो तिरपा होता, वरच्या कोपऱ्यात ऊन चमकत होतं आणि व्हॉट्सॲपने दाबून लहान केल्यामुळे अक्षरं पिठासारखी विरलेली दिसत होती. मी त्यांना म्हटलं, "ताई, समोर उभं राहून पुन्हा काढा आणि फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा." डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाईल दाबली जात नाही, जशी काढली तशी येते. दुसरा फोटो आला तेव्हा खडूची धूळसुद्धा दिसत होती. पुढे सगळं त्या धुळीवरच ठरणार होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

मी आधी शीटमध्ये एक रकाना करते: 'फळ्यावर जसं आहे तसं'. त्यात माझी अक्कल चालवायची नाही, चूक दिसली तरी चुकीसकट उतरवायचं. दुसऱ्या रकान्यात मी लावलेली तारीख येते, वर्षासकट आणि इंग्रजी आकड्यांत, कारण देवनागरी आकडे टाकले तर शीट त्याला तारीख न समजता नुसती अक्षरं समजते. तिसऱ्या रकान्यात फळ्यावरचा वार लिहिते. चौथ्यात शीटनेच तारखेवरून वार काढायचा असतो:

```
=TEXT(B2,"dddd")
```

तिसरा आणि चौथा रकाना जुळला की ओळ पक्की. आमच्याकडे फळ्यावर वर्ष कोणी लिहीत नाही, पण वार मात्र हमखास लिहितात. म्हणून वार हाच माझा पडताळा.

त्या दिवशी पहिली ओळ अशी सुटली. बचत गटाच्या मेळाव्याची तारीख फोनमधल्या अक्षर-ओळखीने '११/९' अशी वाचून दिली. फोटो मोठा करून बघितला तर दुसरा आकडा एकही वाटत होता आणि नऊही. खडूने घाईत लिहिलेले १ आणि ९ जुळ्या भावांसारखे दिसतात, फरक फक्त डोक्यावरच्या वळणाचा. शेजारी 'शुक्रवार' लिहिलेलं होतं. ११ सप्टेंबरला गुरुवार येत होता आणि १९ ला शुक्रवार. म्हणजे १९. अर्ध्या मिनिटाचं काम.

मग ही ओळ आली:

'आधार शिबिर, जि. प. शाळा, २१/८, शनिवार, स. १० ते ४.'

इथे आकडे स्वच्छ होते. २१ म्हणजे २१च, त्यात ३ किंवा ९ वाचायला जागाच नव्हती. पण २१ ऑगस्टला गुरुवार होता आणि शनिवार होता २३ ला. दोन्ही रकाने जुळेनात. आधीच्या ओळीत वाराने तारीख सांगितली होती, म्हणून मनात पटकन आलं की इथेही वारच खरा धरावा आणि लिहिणाऱ्याने २३ च्या जागी २१ लिहिलं असं समजावं. मी शीटमध्ये २३ टाकलंसुद्धा.

हात थांबला तो पोळ्याच्या ओळीमुळे. फळ्यावर खाली लिहिलं होतं, 'पोळा, श्रावण अमावस्या, मारुतीच्या पाराजवळ तोरण, सायं. ५.' तारीख नव्हतीच. भिंतीवरच्या पंचांगात बघितलं तर अमावस्या शुक्रवारी, २२ ला, दुपारच्या सुमारास लागत होती आणि शनिवारी दुपारच्या आत संपत होती. सूर्योदयाची तिथी धरणाऱ्याला अमावस्या शनिवारी दिसते. पण पोळा भरतो संध्याकाळी. अमावस्येची संध्याकाळ शुक्रवारचीच होती, म्हणून पोळा २२ ला आणि तान्हा पोळा २३ ला. पंचांगातही पोळा २२ लाच छापला होता. नुसत्या तिथीवरून तारीख लावायची तर तो सण दिवसाच्या कोणत्या वेळी होतो हे माहीत असावं लागतं, नाहीतर यादीत बैल एक दिवस उशिरा तोरणाखाली येतात.

आता २३ चं चित्र स्पष्ट झालं. त्या दिवशी आमच्या गावात पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार बोजारा मागत फिरतात. शाळा कोण उघडणार, आणि आधारचं यंत्र घेऊन तालुक्याहून कोण येणार? मी २३ खोडलं. पण २१ ही लिहिलं नाही. ती ओळ पिवळी केली आणि फोटो पुन्हा मोठा केला.

या वेळी आकडे न बघता खडू बघितला. 'आधार शिबिर' आणि '२१/८' यांचा खडू दाट, पांढराशुभ्र होता, कडेला भुकटी चिकटलेली. 'शनिवार' हा शब्द मात्र करडा होता, अर्धवट पुसल्यासारखा, आणि त्याच्या 'श' वर फडक्याचा एक आडवा पट्टा सरळ गेलेला दिसत होता. दोन्ही एका दिवशी लिहिलेले नव्हते. वेळेचा 'स.' पुन्हा नवा. म्हणजे जुन्या नोटिशीतला शनिवार तिथेच राहिला होता आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला नवी नोटीस लिहिली गेली होती.

तरी हा माझा तर्कच होता. आमच्या शिपाईकाकांना फोन केला.

"काका, आधारच्या ओळीतला शनिवार तुमीच लिवला का?"

"कोनता शनवार? म्या तं वार लिवलाच नाही बाई. सचिव सायबानं तारीख सांगतली, तेवढीच लिवली. मांगच्या शिबिराचा असन तो. फडकं कोल्डं होतं, पुसला नसन नीट."

मग सचिवसाहेबांना विचारलं. त्यांनी तालुक्याच्या पत्रात बघून सांगितलं, २१, गुरुवार. काकांचं सांगणं आणि तालुक्याचं पत्र जुळलं तेव्हा मी ओळ हिरवी केली.

एवढ्यावर काम संपलं असतं, पण आशाताईंना कळवायला फोन केला तर त्या गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "अवो ताई, म्या तं सकाळीच पोडावर सांगून आली, शनवारी या म्हनून."

पोड म्हणजे कोलामांची वस्ती, आमच्या गावापासून टेकडीपलीकडे. तिथे फोनला रेंज नाही. फळ्यावर आकडा आणि वार दोन्ही होते, पण ताईंच्या डोक्यात राहिला तो वारच. यात त्यांचा काही दोष नाही. आमच्याकडे माणसं वारानेच जगतात. बाजार कोणत्या तारखेला हे कोणी सांगत नाही, कोणत्या वारी ते सांगतात. मजुरीचा चुकाराही वारानेच ठरतो. तारीख कागदासाठी आणि वार माणसांसाठी. त्यामुळे आकडा चुकला तर एखादा फसतो, पण वार चुकला तर सगळी वस्ती चुकीच्या दिवशी येऊन उभी राहते. त्या शिबिरात पोडावरच्या म्हाताऱ्या माणसांचे बोटांचे ठसे नव्याने द्यायचे होते. जुने ठसे रेशनच्या यंत्रावर उमटत नव्हते. शनिवारी ती माणसं टेकडी उतरून बंद शाळेपुढे बसली असती.

रविवारी आशाताई पुन्हा पोडावर जाऊन आल्या.

मी त्या रात्री बाकीची यादी पुरी केली. लसीकरणाची ओळ होती 'दर महिन्याचा दुसरा बुधवार'. कॅलेंडरवर चढवायच्या CSV फाईलमध्ये 'दर महिन्याला' असं सांगायची सोय नाही, म्हणून दिवाळीनंतरपर्यंतच्या तारखा मोजून वेगवेगळ्या ओळी केल्या: १० सप्टेंबर, ८ ऑक्टोबर, १२ नोव्हेंबर. इथे सगळ्यात जपावं लागतं, कारण गुगलच्या फाईलमध्ये महिना आधी आणि दिवस नंतर येतो. २१ ऑगस्ट उलटा लिहिला तर एकविसावा महिना नसल्यामुळे चूक लगेच उघडी पडते. पण ८ ऑक्टोबर आपल्या सवयीने 08/10 लिहिला तर तो मुकाट्याने १० ऑगस्ट होऊन बसतो. बारापर्यंतच्या तारखा मी म्हणूनच चढवल्यावर कॅलेंडरात एकेक उघडून बघते. शेवटी फाईलच्या वरच्या ओळी अशा झाल्या:

```
Subject,Start Date,Start Time,End Date,End Time,Location
आधार शिबिर,08/21/2025,10:00 AM,08/21/2025,4:00 PM,जि. प. शाळा
पोळा,08/22/2025,5:00 PM,08/22/2025,7:00 PM,मारुतीचा पार
लसीकरण,09/10/2025,10:00 AM,09/10/2025,2:00 PM,अंगणवाडी
```

जतन करताना `CSV UTF-8` हाच प्रकार निवडला. साधा CSV निवडला तर एक्सेल मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं टाकतं, हे पहिल्याच महिन्यात भोगून झालं होतं. चढवलं ते माझ्या खाजगी कॅलेंडरात नाही, गावाच्या वेगळ्या कॅलेंडरात, म्हणजे काही बिघडलंच तर तेवढंच काढून टाकता येतं. पोळ्याला फळ्यावर संपायची वेळ नव्हती. सातची वेळ मी अंदाजाने टाकली आणि चढवल्यावर कॅलेंडरात तपशिलात तसं लिहूनही ठेवलं. एका ओळीत फक्त 'शेतकरी प्रशिक्षण, तारीख नंतर' असं होतं. ती यादीत घेतलीच नाही, शीटमध्ये पिवळी ठेवली.

सोमवारी सकाळी ग्रामपंचायतीत गेले तर शिपाईकाका ओल्या फडक्याने फळा पुसत होते. एकच ओळ नाही, पूर्ण फळा, वरपासून खालपर्यंत. वाळल्यावर त्यांनी सगळं पुन्हा लिहिलं आणि आधारच्या ओळीपाशी थांबून मला विचारलं, "गुरवार ना बाई?"

"हो काका, गुरुवार. आणि पुढं २०२५ पण लिवा."

गुरुवारी साडेनऊलाच शाळेच्या व्हरांड्यात पोडावरची माणसं येऊन बसली होती. घरी खांदशेकणीचं, म्हणजे पोळ्याआधी बैलांचे खांदे शेकायचं काम होतं म्हणून त्यांना लवकर परतायचं होतं. ताईंनी त्यांचे नंबर पुढे लावून दिले.