सगळं बंद, तरी मीटर चालूच

आमच्या परळच्या घरात माणसं तीच, पंखे तेच, तरी लागोपाठ दोन बिलं पन्नासएक युनिटनं जास्त आली. मीटरच बिघडला असेल, असं सासूबाईंचं म्हणणं. तक्रार करण्याआधी एका रविवारी आम्ही स्वतःच तपासायचं ठरवलं.

मीटर तळमजल्यावर, आम्ही चौथ्यावर. मुलगा खाली मीटरपाशी, मी वर, दोघं फोनवर. आधी घरातला मेन स्विच पाडला. मीटरची लाल लाइट लुकलुकायची थांबली, म्हणजे आमच्या लाइनवर दुसऱ्या कुणाचं काही जोडलेलं नव्हतं. मग मेन चालू केला, पण घरातलं एकूण एक बटण बंद ठेवलं आणि फ्रिज, वायफाय, पाण्याच्या फिल्टरचे प्लग काढले.

"आई, अजून लुकलुकतेय," मुलगा म्हणाला. घड्याळ लावलं तर बरोबर दर पंधरा सेकंदांनी. मीटरवर दर युनिटला ३२०० पल्स असं छापलेलं आहे. त्या हिशेबानं पंधरा सेकंदांना एक म्हणजे ७५ वॅट, आणि महिनाभर रात्रंदिवस धरलं तर ५४ युनिट. बिलातला फरक जवळपास तेवढाच!

आता एकेक एमसीबी पाडत गेले. हॉलचा पाडला, फरक नाही. स्वयंपाकघराचा, नाही. बाथरूमचा पाडला आणि लाइट थांबली. तो परत चढवून गिझरचा प्लग काढला, तरीही थांबलेलीच. म्हणजे भिंतीतली वायर ठीक होती, दोष गिझरमध्ये होता. पण त्याचं बटण तर बंद होतं, मग करंट जात कसा होता?

ते वायरमनदादांनी उलगडलं. त्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले होते. बटण न्यूट्रल तोडायचं, फेज मात्र कॉइलपर्यंत कायम पोचलेला. कॉइलचं आवरण तडकलं होतं, तिथून करंट पाण्यात आणि पुढे अर्थिंगमध्ये वाहत होता.

"अर्थिंग चांगलं होतं म्हणून मीटर फिरला, ताई. ते तुटलेलं असतं तर मीटर गप्प राहिला असता आणि नळाला हात लावल्यावर कळलं असतं," ते म्हणाले. ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण सासूबाई रोज पहाटे पहिल्या अंघोळीला जातात.

कॉइल बदलली, सॉकेट सरळ केला आणि करंट असा अर्थिंगमध्ये गळू लागला की वीज तोडणारा, इतकी वर्षं नसलेला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला. नंतर तीच चाचणी पुन्हा केली, या वेळी पूर्ण दहा मिनिटं थांबून. ३० मिलिअँपिअर गळती असली तरी आमच्या मीटरची लाइट साधारण पावणेतीन मिनिटांनी एकदाच लुकलुकेल, मिनिटभर बघून ती हाती लागत नाही. दहा मिनिटांत एकदाही लुकलुकली नाही, तेव्हा मुलाला वर बोलावलं.