प्रोफाइलवर पहिल्यांदा आलेल्या माणसासाठी: आमच्या भाजणीच्या पिन पोस्टचा अनुभव

नौपाड्यातल्या आमच्या घरी सासूबाई भाजण्या करतात आणि ऑर्डरी, पाकिटं, इन्स्टाग्राम हे मी बघते. थालीपीठ भाजणी, चकली भाजणी, उपवासाची भाजणी, मेतकूट आणि नाचणी सत्त्व अशी पाच पाकिटं आहेत. ओळखीतून येणाऱ्यांना काही समजावून सांगावं लागत नाही. पण कुणाची तरी स्टोरी बघून अनोळखी माणूस प्रोफाइलवर येतो, तेव्हा त्याला चकलीचे फोटो, कढईचे व्हिडिओ, दिवाळीच्या शुभेच्छा असं सगळं एकदम दिसतं. आपण विकतो काय आणि त्याने सुरुवात कुठून करायची, हे त्यातून कळत नाही. ते सांगण्यासाठी एक पोस्ट लिहून प्रोफाइलच्या वरच्या बाजूला पिन करायची, असं ठरवलं.

लिहायला बसण्याआधी मी व्हॉट्सअॅपवरचे जुने संवाद उघडले आणि नव्या लोकांचे पहिले प्रश्न वहीत उतरवून काढले. वेगवेगळ्या माणसांचे प्रश्न जवळपास त्याच क्रमाने येत होते. तुम्ही कुठे आहात? भाव काय? आमच्याकडे पोचवता का? किती दिवस टिकते? आणि शेवटी, थोडी चाचपडत विचारलेली गोष्ट: पहिल्यांदा घेतेय, काय घेऊ? कॅप्शनचा सांगाडा तिथेच तयार झाला. फक्त शेवटचा प्रश्न मी सर्वांत वर नेला, कारण ज्याला काय घ्यावं तेच कळत नाही तो भाव विचारायलाही थांबत नाही.

त्या प्रश्नाचं उत्तर ठरवायला सगळ्यांत जास्त वेळ गेला. आमची सर्वाधिक खपणारी वस्तू चकली भाजणी. नणंदेचं म्हणणं होतं की तीच पुढे करा. सासूबाईंनी ठाम नकार दिला. त्या म्हणाल्या, ‘अगं, चकली भाजणीत माझं काम अर्धंच असतं. मोहन जास्त पडलं तर चकली तेलात फसकते, कमी पडलं तर दगड होते, पाणी चुकलं तर सोऱ्यातून तुटत येते. नव्या माणसाची चकली बिघडली तर तो भाजणीलाच नाव ठेवणार.’ थालीपीठ भाजणीचं तसं नाही. कांदा, मिरची, मीठ घालून पाण्यात भिजवली, पाणी थोडं इकडेतिकडे झालं तरी थापता येते, तव्यावर तेल सोडून झाकण ठेवलं की होते. मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं. सुरुवातीला अशी वस्तू द्यावी जी गिऱ्हाइकाच्या हातात सहसा बिघडत नाही. खपाचा आकडा त्यानंतर बघायचा.

वजनही तसंच ठरवलं. आम्ही पाव आणि अर्धा किलोची पाकिटं करतो. नव्या माणसासाठी कॅप्शनमध्ये फक्त पाव किलोचाच उल्लेख ठेवला आणि त्यात काय होतं तेही लिहिलं: मध्यम आकाराची सहा थालीपिठं. ‘२५० ग्रॅम’ वाचून कुणाच्या डोळ्यांसमोर काही येत नाही, ‘सहा थालीपिठं’ म्हटल्यावर येतं.

आता पहिली ओळ. इन्स्टाग्रामवर कॅप्शनची मर्यादा २,२०० अक्षरांची आहे, पण पोस्ट उघडल्यावर सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात आणि पुढचं सगळं more दाबल्यावर. म्हणजे ढोबळमानाने पहिली सव्वाशे अक्षरं. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी हीही वेगळी मोजली जातात, त्यामुळे मराठीत ती जागा आणखी लवकर संपते. ‘नमस्कार मंडळी, आमच्या पेजवर आपलं मनःपूर्वक स्वागत’ एवढं लिहिलं की पन्नासेक अक्षरं गेली आणि माहिती काहीच नाही. म्हणून नमस्कार काढून टाकला आणि वस्तू, गाव, भाव आणि सुरुवात या चारही गोष्टी त्या सव्वाशे अक्षरांत बसवल्या.

सासूबाई माहेरी, चिपळूणला, भाजणी कशी शिकल्या ही गोष्ट नणंदेला वरच हवी होती. तिचं कारणही योग्य होतं, लोक माणूस बघून विकत घेतात. पण ज्याला आज संध्याकाळी भाजणी हवी आहे तो आधी आपल्याला मिळेल का ते बघतो. म्हणून ती गोष्ट शेवटी, एका ओळीत ठेवली. जो तिथपर्यंत वाचत येतो त्याला ती मनापासून वाचायची असते.

शेवटी कॅप्शन असं झालं:

‘ठाण्यात घरी भाजून, घरच्या घरघंटीवर दळलेल्या भाजण्या. पहिल्यांदा घेताय? थालीपीठ भाजणी, पाव किलो ₹१२०.

पाव किलोत मध्यम आकाराची सहा थालीपिठं होतात. तिखट-मीठ घातलेलं नाही, ते तुमच्या चवीनं घाला. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभरा डाळ, उडीद, धणे, जिरे. यात गहू आहे. कोरड्या डब्यात दोन महिने छान राहते.

याशिवाय चकली भाजणी, उपवासाची भाजणी, मेतकूट, नाचणी सत्त्व. सगळ्यांचे भाव व्हॉट्सअॅप कॅटलॉगमध्ये.

नौपाड्यातून स्वतः नेता येईल. पाचपाखाडी, वसंत विहार आणि घोडबंदर रोडला कासारवडवलीपर्यंत मंगळवारी आणि शुक्रवारी पोचवतो, आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सांगा. कळवा, ऐरोलीकरांना ठाणे स्टेशनला पश्चिमेला देतो. बाकी ठिकाणी कुरिअर, खर्च वेगळा.

ऑर्डरसाठी वर प्रोफाइलमधली लिंक दाबा, मेसेज लिहिलेलाच आहे, फक्त तुमचा भाग लिहा.

भाजणी सासूबाई करतात, चिपळूणला त्यांच्या आईकडून शिकल्या तशीच.’

शेवटच्या ओळीखाली एफएसएसएआय नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक आहे. तोच पाकिटावरही छापलेला असतो, त्यामुळे घरगुती मालाबद्दल शंका असलेल्या माणसाला दोन्ही पडताळून बघता येतात.

यातल्या काही ओळी का आहेत ते सांगते. पोचवण्याचे वार लिहिले कारण घोडबंदर रोडचा प्रवास संध्याकाळी कसा असतो हे ठाणेकरांना सांगायला नको. एका पाव किलोसाठी रोज तिकडे जाणं परवडत नाही. ‘संपूर्ण ठाण्यात डिलिव्हरी’ असं लिहिलं असतं तर छान दिसलं असतं, पण गायमुखच्या बाईला नाही म्हणावं लागलं असतं आणि ती पुन्हा आली नसती. आपण जिथे जात नाही तो भाग पोस्टवरूनच कळलेला बरा.

‘यात गहू आहे’ ही ओळ पोस्ट लावल्यानंतर घातली. एका बाईंनी विचारलं की मुलीला ग्लूटेन चालत नाही, ज्वारी-बाजरीची आहे म्हणजे चालेल ना? घटकांच्या यादीत गहू होताच, पण यादी वाचताना तो निसटतो. मी त्यांना सांगितलं की गहू काढून करून दिली तरी आमच्या घरघंटीवर गहू दळला जातो, त्यामुळे ती मुलीला देऊ नका. ऑर्डर गेली, पण ते सांगणं आवश्यकच होतं. उपवासाच्या भाजणीबद्दलही त्याच कारणाने विचारणा होते, एकाच घंटीवर धान्य दळता का म्हणून. ती आम्ही घंटी पूर्ण साफ करून, दिवसाचं पहिलं दळण म्हणून काढतो. ज्यांना तेवढंही चालत नाही त्यांना तसं स्पष्ट सांगतो. मधुमेहाला चालेल का, वजन उतरेल का, याबद्दल मात्र पोस्टमध्ये एक अक्षरही नाही. ते डॉक्टरांचं काम आहे.

लिंकचं काम थोडं तांत्रिक आहे, पण त्याने सर्वांत जास्त फरक पडला. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये लिंक लिहिली तर ती दाबता येत नाही आणि मोबाइलवर तिथला नंबर कॉपी करणंही त्रासाचं असतं. दाबता येणारी लिंक प्रोफाइलच्या बायोमध्येच द्यावी लागते. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये स्वतःची छोटी लिंक बनवता येते आणि तिला आधीच लिहून ठेवलेला मेसेज जोडता येतो. आमचा मेसेज असा: ‘नमस्कार, थालीपीठ भाजणी पाव किलो हवी आहे. माझा भाग:’. समोरच्याने फक्त ‘मानपाडा’ लिहून पाठवायचं. पूर्वी नुसतं ‘हाय’ यायचं, मग आम्ही विचारायचं, मग ते दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायचे. आता पहिल्याच मेसेजला मंगळवारी येऊ की शुक्रवारी एवढंच सांगायचं उरतं. पोस्टचा उपयोग होतोय का ते मी लाइकवरून बघत नाही, पहिल्या मेसेजवरून बघते. ‘कुठे आहात’ आणि ‘भाव काय’ विचारणारे मेसेज खूप कमी झाले. ‘तिखट असते का’ हे मात्र वारंवार यायला लागलं, म्हणून तिखट-मिठाची ओळ वाढवली.

भाव फक्त कॅप्शनमध्ये आहे, फोटोवर मुद्दाम लिहिलेला नाही. कॅप्शन कधीही बदलता येतं, पण टाकलेल्या पोस्टचा फोटो बदलता येत नाही. डाळींचे भाव चढले की आमचा भाव हलतो आणि मग फोटोवर जुना आकडा राहिला तर प्रत्येकाशी वाद. फोटोत फक्त भाजणीचा वाडगा, तव्यावरचं थालीपीठ आणि मधोमध मोठ्या अक्षरांत ‘इथून सुरुवात करा’. मधोमध यासाठी की प्रोफाइलच्या चौकटीत फोटोच्या कडा कापल्या जातात. भाव बदलला की कॅप्शन आणि कॅटलॉग दोन्ही एकाच बैठकीत बदलायचे, नाहीतर तोच घोळ तिकडे होतो.

पिन करणं सोपं आहे, पोस्टच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले की पर्याय येतो. तीन पोस्ट पिन करता येतात. आमची दुसरी पिन म्हणजे थालीपीठ थापण्याचा व्हिडिओ. त्यात ओल्या फडक्यावर थापणं, मधे भोकं पाडून तेल सोडणं, सगळं सावकाश दाखवलं आहे. तिसरी जागा हंगामाची: श्रावणात आणि नवरात्रात उपवासाची भाजणी, दिवाळीआधी चकलीची. तिथे चकली भाजणी पुढे आली तरी चालते, कारण ती मागणारा चकली करणाराच असतो. त्या पोस्टमध्ये मोहनाचं प्रमाणही देतो.

यात एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. शेवटी पिन केलेली पोस्ट सर्वांत आधी, डावीकडे बसते. त्यामुळे हंगामाची पोस्ट लावली की परिचयाची मागे सरकते. तेव्हा परिचयाची पोस्ट काढून लगेच पुन्हा पिन करायची, म्हणजे ती पहिल्या जागी येते आणि हंगामाची तिच्या शेजारी.